किती मिली, मॅडम?

सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. मे महिना होता, दुपारचे पावणेदोन वाजले होते. ओपीडी संपत आली होती. एवढ्यात एक रिक्षा थेट पायरीपर्यंत आली आणि एक बाई पाच वर्षांच्या मुलीला कवटाळून धावतच आत शिरली. कुटुंब मुंबईहून सुट्टीला आलं होतं. मागून आजी आली, दम लागलेला. म्हणाली, “काजयेची उसळ खाल्ल्यान, आणि बघता बघता तोंडच सुजला गो बाय!”

मुलीचे ओठ फुगले होते, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या होत्या. वाटेत दोनदा उलटी झाली होती. पण मला घाबरवलं ते तिच्या खोकल्याने. भुंकल्यासारखा खोकला, बसलेला आवाज आणि छातीला स्टेथोस्कोप लावताच दोन्ही बाजूंना शिट्ट्या. ऑक्सिजन ९१ टक्के. त्वचा, पोट आणि श्वास अशा तीन ठिकाणी एकाच वेळी, खाल्ल्यानंतर वीस मिनिटांच्या आत. हे ॲनाफिलॅक्सिसच होतं, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, आणि औषध एकच होतं, मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन. याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. परीक्षेत हा प्रश्न मी दोनदा लिहिला होता.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. मी आईला वजन विचारलं. “शाळेच्या तपासणीत सोळा सांगितलं होतं,” ती म्हणाली. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१६. मी तोंडाने म्हणाले, “पॉइंट वन सिक्स मिलिग्रॅम, आयएम.”

सिस्टर वीस वर्षं नोकरीत होत्या. त्यांनी ॲम्प्युल फोडून हातात धरलं होतं. त्यांनी विचारलं, “किती मिली, मॅडम?”

आणि मी अडकले.

कारण ॲम्प्युलच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ॲड्रेनॅलिन बायटार्ट्रेट १.८ मिलिग्रॅम. घाईत नजर तिथेच खिळली. एक मिलीत १.८ असेल तर ०.१६ साठी किती? मी मनात भागाकार करू लागले. तेवढ्यात सिस्टरांनी ॲम्प्युल फिरवून पुढची ओळ वाचून दाखवली: “म्हणजे ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम.” बायटार्ट्रेट हा क्षार आहे. त्या क्षाराचं वजन १.८ मिलिग्रॅम भरतं, पण त्यातलं खरं औषध १ मिलिग्रॅमच असतं आणि डोस मोजायचा तो त्या १ वरून. मी १.८ धरून भागाकार पुरा केला असता तर मुलीला जवळपास अर्धाच डोस गेला असता आणि “दिलं तरी उतार नाही” म्हणून मी दुसऱ्याच कारणाच्या मागे लागले असते.

बरं, एक मिलीत एक मिलिग्रॅम. मग ०.१६ मिलिग्रॅम म्हणजे ०.१६ मिली. इतकं सोपं! मी म्हणाले, “पॉइंट पंधरा घ्या.” शेवटचा एक शतांश सोडून दिला, कारण सिरिंजवर तो मोजत बसण्यात अर्थ नव्हता.

तर सिस्टरांच्या हातात लाल टोपणाची इन्सुलिनची सिरिंज होती. त्या पंधराच्या रेघेपर्यंत औषध ओढू लागल्या.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीचे चाळीस भाग. तिच्यावरचं १५ म्हणजे ०.३७५ मिली, मला हव्या त्याच्या अडीच पट. ०.१५ मिली हवं असेल तर तिच्यावर ६ च्या रेघेशी थांबायचं. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटची असते, तिच्यावर १५ म्हणजे बरोबर ०.१५ मिली. आणि साधी एक मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज, जिच्यावर मिलीच लिहिलेली असते, ती तर सगळ्यात बिनधोक. सिस्टरांची चूक नव्हती. मी “पॉइंट पंधरा” म्हटलं, त्यांनी हातातल्या वस्तूवर पंधरा शोधलं. शिवाय त्या सिरिंजची सुई जोडलेली आणि आखूड, कातडीखाली टोचायची. स्नायूपर्यंत पोचायला एक इंचाची, २४ किंवा २५ गेजची सुई लागते.

मी “थांबा, ट्युबरक्युलिन द्या” म्हणाले. माँटू टेस्टच्या डब्यातून ती आली, वर एक इंची सुई चढवली. औषध थोडं जास्त ओढलं, सुई वर करून हवा काढली, टोकाशी थेंब दिसल्यावर दट्ट्या ०.१५ वर आणून ठेवला. हा क्रम मी आता मुद्दाम सगळ्यांना शिकवते. आधी ०.१५ मोजलं आणि मग सुई बदलली तर नव्या सुईची नळी रिकामी असते. थोडं औषध ती नळी भरण्यातच जातं. मोठ्या माणसाच्या अर्ध्या मिलीत ते खपून जातं, पण पोराच्या पॉइंट वनमध्ये तो बराच मोठा वाटा असतो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, फ्रॉक वर करून सरळ काटकोनात टोचलं. ऑक्सिजन आधीच लावला होता. मुलीला आडवं करायला गेलो तर ती गुदमरायला लागली, म्हणून आईच्या छातीला टेकवून, पाय लांब करून बसवलं. केसपेपरवर नंतर वेळा लिहिताना कळलं की दारातून आत आल्यापासून सुई टोचेपर्यंत चार मिनिटं गेली होती. त्यातली निदानाला एकच. बाकीची तीन मिलिग्रॅमचे मिली करण्यात आणि सिरिंज शोधण्यात.

मांडीचाच आग्रह का, हे आईने नंतर विचारलं होतं. “दंडात देतात ना?” असं. १९९८ साली लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तातल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचलं आणि कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. ॲड्रेनॅलिन कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि आपलीच वाट बंद करतं. आखूड सुईने ०.१५ ऐवजी ०.३ दिलं तरी ही उशिराची भरपाई होत नाही.

पाच मिनिटांनी पाहिलं. खोकला कमी झाला होता, पण शिट्ट्या होत्याच आणि ऑक्सिजन काढला की ९३. नाडी १५० च्या आसपास. नाडी बघून सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, आता परत नको, धडधड वाढेल.” ही भीती मलाही होती, पण आजाराचीच नाडी जलद असते. श्वास सुधारलेला नसताना नाडीकडे बघून दुसरा डोस अडवायचा नाही. दुसऱ्या मांडीत पुन्हा ०.१५ मिली दिलं. सुमारे दहा मिनिटांत तिचा आवाज मोकळा झाला आणि ती पहिल्यांदा रडली. त्या रडण्याने आम्ही सगळे खाली बसलो. सलाइनचं बाटलीबंद पाणीही किलोला १० मिली या हिशेबाने सुरू केलं होतं. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन यांची आठवण मला त्यानंतर झाली, आणि तो उशीर मात्र योग्यच होता. आपल्याकडे हात आधी त्या दोन ॲम्प्युल्सकडे जातो. गांधी, खाज यांवर एव्हिलचा उपयोग आहे, पण सुजलेला घसा आणि पडलेलं ब्लडप्रेशर त्याने सावरत नाही.

१०८ आली. मुलीला उपजिल्हा रुग्णालयात रात्रभर ठेवायला पाठवलं, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात. सोबतच्या चिठ्ठीवर मी डोस मिलीत, मिलिग्रॅममध्ये, ॲम्प्युलच्या ताकदीसह आणि घड्याळाच्या वेळेसह लिहिला. पाठवण्याआधी काट्यावर उभं केलं, १५.८ किलो. आईचा अंदाज अचूक निघाला. कॉलेजात शिकवलेलं वयावरचं सूत्र, वयाची दुप्पट अधिक आठ, हे १८ किलो सांगतं. म्हणजे सूत्राने गेले असते तर ०.१८ मिली. त्या फरकाने काहीही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते १.८ च्या आकड्याने किंवा लाल टोपणाने.

त्या संध्याकाळी मी आणि सिस्टरांनी केंद्रातली सगळी ॲड्रेनॅलिन टेबलावर मांडली. हे काम मी रुजू झाले त्या आठवड्यातच करायला हवं होतं.

पहिली गोष्ट सापडली ती लेबर रूममध्ये. दहा मिलीची एक भरलेली सिरिंज, वर चिकटपट्टी, तिच्यावर पेनने “ॲड्रे”. तारीख नाही, ताकद नाही. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनासाठी एका ॲम्प्युलमध्ये नऊ मिली सलाइन घालून पातळ केलेलं ते औषध होतं. त्याला १:१०००० म्हणतात आणि ते शिरेतून द्यायचं असतं. आपलं ॲम्प्युल १:१०००. हजार मिलीत एक ग्रॅम, म्हणजे एक मिलीत एक मिलिग्रॅम. दहा हजारवाल्यात एक मिलीत फक्त ०.१ मिलिग्रॅम. दुपारच्या त्या गडबडीत कोणी लेबर रूममधून ही “तयार” सिरिंज आणून दिली असती आणि मी तिच्यातून ०.१५ मिली टोचलं असतं, तर मुलीला दहावा हिस्सा डोस गेला असता. उलटी चूक याहून भयंकर आहे. पातळ समजून ॲम्प्युलमधलं जसंच्या तसं शिरेत गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच मिलीचा प्रत्येक आकडा ताकदीसकट उच्चारावा लागतो. गुणोत्तराच्या या भाषेने इतके गोंधळ घातले की अमेरिकेत २०१६ पासून लेबलवरून ती काढूनच टाकली, तिथे आता मिलीमागे मिलिग्रॅम लिहितात. आमच्या ॲम्प्युल्सवर दोन्ही असतं, आणि घाबरलेल्या माणसाला त्यातलं नको तेच आधी दिसतं.

ती सिरिंज फेकली. औषध आधी पातळ करून ठेवायचं नाही असं ठरवलं. काही ॲम्प्युल्स खिडकीजवळच्या ट्रेमध्ये उघडी पडून होती, त्यातल्या एकातलं औषध गुलाबीसर दिसत होतं. ॲड्रेनॅलिन उजेडाने आणि हवेने खराब होतं आणि रंग पालटणं ही त्याची खूण. तेही बाद केलं.

मग तक्त्याचा प्रश्न आला आणि इथे मी बरेच दिवस घुटमळले. माझ्यासमोर तीन कागद होते आणि तिन्हींवर पाच वर्षांच्या मुलीचा डोस वेगळा होता.

पहिला कागद लसीकरणाच्या ॲनाफिलॅक्सिस किटमधला. आरोग्यसेविकेसाठी असलेलं हे कार्ड वयावर चालतं. एक वर्षाच्या आत ०.०५ मिली, १ ते ६ वर्षं ०.१, ६ ते १२ वर्षं ०.२, १२ ते १८ वर्षं ०.३ आणि मोठ्यांना ०.५. शेजारी ४० युनिटच्या सिरिंजवरच्या रेघाही दिल्या होत्या, २, ४, ८, १२, २०. दुसरा कागद ब्रिटनमधला, २०२१ चा. सहा वर्षांच्या आत ०.१५, सहा ते बारा ०.३, त्यापुढे ०.५, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ०.१ ते ०.१५. तिसरा कागद म्हणजे माझं पाठ असलेलं वाक्य, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांमध्ये साधारण ०.३ पर्यंत, मोठ्या अंगाच्या किशोरांना आणि प्रौढांना ०.५.

तिन्ही कागद त्याच १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ॲम्प्युलसाठी होते. तरी आमच्या मुलीला पहिला ०.१ म्हणतो, दुसरा ०.१५, तिसरा ०.१५८.

मला आधी यातला एक खरा आणि बाकीचे खोटे ठरवायचे होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वरिष्ठ बालरोगतज्ज्ञांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, “अगं, वय हे वजनाच्या जागी ठेवलेलं बाहुलं आहे. ज्याने जितकी कमी खाती पाडली, त्याचं तितकं ढोबळ झालं.” मग त्यांनी मला प्रत्येक खात्याच्या दोन टोकांना वजन लावून बघायला सांगितलं. मी बसून लावलं. किटच्या कार्डावर १ ते ६ हे एकच खातं आहे. वर्षाच्या दहा किलोच्या मुलाला ०.१ म्हणजे तंतोतंत डोस. पावणेसहा वर्षांच्या अठरा किलोच्या मुलाला तोच ०.१ म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त. ब्रिटनच्या कागदावर उलट. सव्वासहा वर्षांच्या अठरा किलोच्या मुलाला ०.३ म्हणजे हिशेबापेक्षा बराच जास्त. आमच्या भागातली मुलं अंगाने बारीक, त्यामुळे ते आणखी जास्त भरतं. स्नायूत दिलेला डोस असा दीडपट झाला तर थरथर, धडधड, फिकटपणा होईल आणि थोड्या वेळात ओसरेल. दहापट झाला तर नाही ओसरणार. या दोन चुकांची जात वेगळी आहे हे तेव्हा मला नीट समजलं.

शेवटी दोन गोष्टी केल्या. उपकेंद्रातल्या किटचं कार्ड मी बदललं नाही. आरोग्यसेविकेने त्या कार्डाप्रमाणे मांडीत एक डोस द्यायचा, मला फोन करायचा आणि रुग्ण हलवायचा, ही तिची पद्धत ठरलेली आहे. तिच्या हातात तिसरा कागद दिला तर ती तिन्हींच्या मध्ये थांबेल, जशी मी थांबले. मात्र केंद्रात, जिथे मी स्वतः असते आणि वजनकाटा आहे, तिथे भिंतीवर वजनाचा कागद लावला. वर मोठ्या अक्षरात एकच ओळ, “ॲम्प्युल १ मिलीत १ मिलिग्रॅम: किलोला शंभराने भागा, तेवढे मिली.” खाली, वजन माहीत नसेल तर वयावरून, सिस्टरांच्या अक्षरात: सहा महिन्यांचं बाळ, सुमारे सात किलो, ०.०७, एक वर्ष, दहा किलो, ०.१, तीन वर्षं, पंधराच्या आत, ०.१५, सहा वर्षं, वीस किलो, ०.२, दहा वर्षं, तीस किलो, ०.३. बारा-तेराच्या पुढे अंगाने मोठं दिसत असेल तर ०.५. आणि पाच मिनिटांनी उतार नसेल तर तोच डोस पुन्हा. सिस्टरांनी एक भर घातली, जी मला सुचली नव्हती. ट्रेमधून इन्सुलिनच्या सगळ्या सिरिंजा काढून त्यांनी ट्युबरक्युलिनच्या पाच ठेवल्या, ॲम्प्युलच्याच डब्यात, रबराने बांधून. “मॅडम, हातात येईल तीच वापरली जाते,” त्या म्हणाल्या.

सहा महिन्यांच्या बाळाचं ०.०७ मोजणं मात्र प्रत्यक्षात अवघड जातं. ट्युबरक्युलिन सिरिंजवर रेघ आहे, पण हात थरथरत असतो. आम्ही एकदा रिकाम्या ॲम्प्युलमध्ये पाणी घेऊन सगळ्यांना काढायला लावलं. ०.०५ पासून ०.१ पर्यंत सगळं आलं. आता दर महिन्याच्या बैठकीत ही पाण्याची कसरत होते, आणि मुदत बघायचं कामही त्याच दिवशी.

ती मुलगी चार दिवसांनी आईबरोबर परत आली, मुंबईला जाण्याआधी. आईने विचारलं, “घरी काय ठेवू?” ऑटोइंजेक्टर, म्हणजे टोचलं की ठरलेला डोस आपोआप जाणारं पेन, आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. मुंबईतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली, तोवर ॲम्प्युल, एक मिलीची सिरिंज आणि सुई असा संच द्यायचं ठरवलं. पाण्याने सराव घेतला. पहिल्यांदा तिला ॲम्प्युल फोडून ०.१५ पर्यंत यायला दोन मिनिटांच्या वर लागली आणि अर्धं पाणी टेबलावर सांडलं. चौथ्या वेळी चाळीस सेकंद. सिरिंजवर ०.१५ पाशी मी बारीक मार्करने रेघ मारली आणि तिला सांगितलं की ही रेघ आजच्या वजनाची आहे.

पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा गावी आले. आजीने उसळ शेजारच्या घरी पाठवून दिली होती. मुलगी काट्यावर उभी राहिली, १८.२ किलो. आईने नव्या सिरिंजचं पाकीट फोडलं आणि मार्कर माझ्याकडे दिला. रेघ पॉइंट अठरावर मारली.